‘प्रत्येकी’ हा एक शब्द: नागपूर विभागातल्या निविदा शाखांना खुले पत्र

प्रति,
नागपूर विभागातील शासकीय व निमशासकीय कार्यालयांच्या निविदा शाखांत काम करणारे अभियंते, लेखाधिकारी आणि लिपिक यांस,

स. न. वि. वि.

गेली चौदा वर्षे मी धंतोलीत बसून निविदांची इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करते. तुमच्यापैकी काहींशी माझे रोज फोनवर बोलणे होते, काहींना मी फक्त सहीवरून ओळखते. मागच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. तिच्यात माझाही वाटा आहे आणि तुमचाही. ती खाजगीत सांगून मिटण्यासारखी नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

उमरेडकडच्या एका मजूर सहकारी संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला निविदेचा मराठी मसुदा होता. काम शाळांच्या संरक्षक भिंतींचे, अंदाजित किंमत 50 लाख. पात्रतेच्या कलमाखाली त्यांनी निळ्या पेनने रेघ ओढली होती. वाक्य असे होते: “निविदाधारकाने अंदाजित किमतीच्या 40 टक्क्यांहून कमी नाही इतक्या रकमेची समान स्वरूपाची तीन कामे पूर्ण केलेली असावीत.” संस्थेकडे तीन कामांचे पूर्णत्वाचे दाखले होते, 7 लाखांचा, 8 लाखांचा आणि 9 लाखांचा. बेरीज 24 लाख. 50 लाखांचे 40 टक्के म्हणजे 20 लाख. आपण पात्र आहोत अशा समजुतीने त्यांनी निविदा भरली आणि तांत्रिक लिफाफा उघडताच ती नाकारली गेली. कारण प्रत्येक काम 20 लाखांचे हवे होते.

“आमाले तं तिन्ही कामं मिळून वीस लाख असंच समजलं जी मॅडम. मराठीत तं तसंच लिवलं हाय ना?” एवढेच ते म्हणाले.

बयाणा रक्कम त्यांना परत मिळाली, हे खरे. पण ती सहा आठवडे अडकली होती. निविदा शुल्क गेले. त्या सहा आठवड्यांत तालुक्यात निघालेल्या दुसऱ्या एका कामासाठी बयाणा भरायला संस्थेकडे पैसेच उरले नव्हते. ती निविदा त्यांना भरताच आली नाही.

हे वाक्य मराठीत आणले होते मी. त्या रात्री जुनी फाइल काढून मूळ इंग्रजी पाहिले. त्यातही ‘इच’ हा शब्द नव्हता. म्हणजे मूळच दुहेरी अर्थाचे होते आणि मी ते तितक्याच इमानाने दुहेरी अर्थाचे ठेवले. भाषांतर करताना मला ते खटकले होते, हे मला आठवते. शाखेला फोन करून विचारायला हवे होते. मी विचारले नाही. ती माझी चूक आणि ती मी मान्य करते.

पण पुढचे ऐका. निविदापूर्व बैठकीत एका ठेकेदाराने नेमका हाच प्रश्न विचारला. कार्यालयाने उत्तर दिले, शुद्धिपत्रक काढले आणि त्यात ‘इच’ घातले. ते शुद्धिपत्रक फक्त इंग्रजीत होते. मराठी मसुदा पोर्टलवर जसा होता तसाच राहिला, आणि संस्थेने तो पहिल्याच दिवशी उतरवून छापून घेतला होता. शुद्धिपत्रक भाषांतराला माझ्याकडे आलेच नाही. विचारल्यावर कळले, की “एकच शब्द होता, त्यासाठी कशाला पाठवायचे” असे शाखेत ठरले होते. त्या एका शब्दाने किमान अनुभवाची एकूण अट 20 लाखांवरून 60 लाखांवर गेली.

हा साचा कुठून आला तेही सांगते, कारण चुकीचे मूळ तिथे आहे. केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर 2002 च्या ज्ञापनात अनुभवाच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत: अंदाजित किमतीच्या 40 टक्क्यांची तीन कामे, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचे एक. तिन्ही पायऱ्या एकाखाली एक वाचल्या की अर्थ आपोआप लागतो. एकच काम असेल तर ते 80 टक्क्यांचे हवे आणि तीन असली तर तिघांची मिळून बेरीज 40 टक्के चालेल, असे कुणी ठरवणार नाही. म्हणजे टक्केवारी प्रत्येक कामाची आहे. पण या निविदेत पहिली पायरी तेवढी ठेवली होती, खालच्या दोन गाळल्या होत्या. आधार देणारी वाक्ये गेली आणि पहिले वाक्य एकटे पडले. इंग्रजीत ते ज्याला त्याला सवयीने बरोबर कळते, कारण असे साचे रोज वाचणाऱ्या अभियंत्याला उत्तर आधीच माहीत असते. मराठी मसुदा वाचणारा माणूस मात्र साच्यावर जात नाही, समोरच्या शब्दांवर जातो.

“रकमेची तीन कामे” या शब्दांत दोन्ही अर्थ बसतात. “प्रत्येकी” घातले की एकच उरतो. माझ्या हातून आता हे वाक्य असे लिहिले जाते: “समान स्वरूपाची किमान तीन कामे पूर्ण केलेली असावीत आणि त्यांपैकी प्रत्येक कामाची किंमत स्वतंत्रपणे 20 लाख रुपयांहून कमी नसावी.” टक्केवारीच्या सोबत रुपयांतली रक्कम लिहिली की शंकेला जागा राहत नाही. मात्र ही रक्कम मी माझ्या मनाने घालू शकत नाही. ती आधी तुमच्या इंग्रजी मसुद्यात यायला हवी. भाषांतरकाराने मूळचा घोळ परस्पर सोडवला, तर दोन मसुदे दोन गोष्टी सांगू लागतात आणि ते घोळाहूनही वाईट.

मुदतीच्या कलमांत वेगळ्या प्रकारची घसरण होते. तिथे शब्द गळत नाहीत, ते आपापसांत बदलले जातात. समजा स्वीकृतीपत्रावर सोमवार, 7 जुलै 2025 ही तारीख आहे आणि ठेकेदाराला ते शुक्रवारी, 11 जुलैला मिळाले. सुरक्षा ठेव 10 दिवसांत भरायची आहे. “पत्राच्या दिनांकापासून 10 दिवसांत” असे लिहिले असेल तर शेवटचा दिवस 17 जुलै. “पत्र मिळाल्यापासून” लिहिले तर 21 जुलै. “पत्र मिळाल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत” लिहिले तर मधले शनिवार-रविवार वगळून 25 जुलै. तिन्ही वाक्ये मराठीत सारखीच सरळ वाटतात, कानाला एकही खटकत नाही. म्हणून ती नुसती वाचून तपासता येत नाहीत. कॅलेंडर पुढे ठेवावे लागते.

वरच्या हिशेबात पत्राचा किंवा ते मिळाल्याचा दिवस मी मोजलेला नाही. कायदे वाचताना ‘पासून’ म्हटल्यावर पहिला दिवस सोडायचा, हा नियम 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 9 मध्ये आहे. पण तो कायद्यांच्या वाचनासाठी आहे. करारातही तो आपोआप धरला जाईल या भरवशावर राहू नका. “पत्र मिळाल्याचा दिवस सोडून” असे चार शब्द लिहायला शाई किती लागते?

निविदा सादर करण्याची वेळ हा आणखी एक खड्डा. “15 तारखेला रात्री 12 वाजेपर्यंत” असे लिहिले, तर ती कोणती रात्र? चौदा तारीख संपून पंधरा लागते ती, की पंधरा संपून सोळा लागते ती? आपल्या बोलण्यात दोन्ही चालते. mahatenders.gov.in वर मात्र सर्व्हरचे घड्याळ चालते, आणि वेळ संपल्यावर ते कुणासाठी थांबत नाही. माझी विनंती आहे, की मराठी मसुद्यात रात्रीचे 12 कधीच लिहू नका. सायंकाळी 5.00 लिहा, आणि पोर्टलवर भरलेली वेळ व मसुद्यातली वेळ एकच आहे का, हे प्रसिद्ध करण्याआधी दोन्ही उघडून शेजारी शेजारी पाहा. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात हा तिसरा मजकूर असतो, तोही त्याच वेळी पाहा.

आता दंडाचे कलम. याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण इथे चूक उशिरा कळते. काम संपते, बिल निघते आणि मग वजावट दिसते.

साहित्य पुरवठ्याच्या निविदांत नेहमीचे कलम असे असते: उशीर झालेल्या मालाच्या किमतीच्या अर्धा टक्का, प्रत्येक आठवड्यासाठी किंवा आठवड्याच्या भागासाठी, कमाल 10 टक्के. आकडे घालून पाहू. एकूण पुरवठा 20 लाखांचा, त्यातला 4 लाखांचा माल 8 दिवस उशिरा आला. आठ दिवस म्हणजे एक पूर्ण आठवडा आणि दुसऱ्याचा एक दिवस. ‘भागासाठी’ असे म्हटल्यामुळे दोन आठवडे धरायचे. 4 लाखांचा 1 टक्का, म्हणजे 4,000 रुपये. भाषांतरात ‘किंवा आठवड्याच्या भागासाठी’ गळले, की 2,000 होतात. ते ठेवून ‘उशीर झालेल्या मालाच्या’ याऐवजी ‘मालाच्या किमतीच्या’ एवढेच लिहिले, की हिशेब 20 लाखांवर जातो आणि 20,000 होतात. मसुदा चाळणाऱ्याला तिन्ही वाक्ये एकच वाटतील.

कमाल मर्यादेचेही तसेच. “कमाल 10 टक्के” म्हणजे कशाचे? उशिरा आलेल्या मालाचे म्हटले तर वरच्या उदाहरणात 40,000, पूर्ण कराराचे म्हटले तर 2 लाख. इंग्रजीत हे बहुधा आधीच्या ओळीत सांगितलेले असते. मराठीत वाक्य तोडून दोन केली, की दुसऱ्या वाक्यातले ‘त्याच्या’ कुणाकडे बोट दाखवते हे कळेनासे होते. मी आता दंडाच्या कलमात सर्वनाम वापरतच नाही. नाम पुन्हा लिहिते. वाक्य जड होते, होऊ दे. आणि पुरवठ्याचे कलम कृपा करून बांधकामाच्या निविदेतून उचलू नका. बांधकामाच्या बी-1 नमुन्यात भरपाई दिवसावर मोजतात आणि तिचा पाया पूर्ण कामाची अंदाजित किंमत असतो. एकीकडचे अर्धे वाक्य दुसरीकडे डकवले की पाया आणि कालावधी दोन्ही सरकतात.

‘दंड’ या शब्दाबद्दलही एक म्हणायचे आहे. मूळ इंग्रजीत कुठे शिक्षा या अर्थाचा शब्द असतो, कुठे आधी ठरवलेली नुकसानभरपाई असते आणि मराठीत सगळीकडे ‘दंड’ पडतो. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार करारात रक्कम कोणत्याही नावाने लिहिलेली असो, न्यायालय त्या रकमेच्या आत वाजवी भरपाई ठरवते. म्हणजे नावाने सगळेच बदलत नाही. पण मूळात भरपाई असेल तिथे भरपाईच लिहावे. ‘दंड’ वाचला की छोटा पुरवठादार हरकत घ्यायलाच धजत नाही, गुन्हा केल्यासारखा गप्प बसतो. हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आकड्यांत न पकडता येणारी एक घसरण आहे आणि ती अगदी मराठीची स्वतःची आहे. “बयाणा रक्कम जप्त करण्यात येईल” आणि “बयाणा रक्कम जप्त करता येईल”. पहिल्यात अधिकाऱ्याला पर्याय नाही, दुसऱ्यात आहे. इंग्रजीतल्या ‘शॅल’ आणि ‘मे’ यांच्यातला फरक इथे ‘ण्यात’ आणि ‘ता’ यांच्यावर उभा आहे. एका शाखेत टंकलेखन करणाऱ्या ताईंनी मला विचारले, “मॅडम, दोन्ही एकच ना?” त्यांनी विचारले याचे मला फार बरे वाटले, कारण इतर वेळी न विचारताच एकाचे दुसरे झालेले असते. ‘अपात्र ठरविण्यात येईल’ आणि ‘अपात्र ठरविता येईल’ यांतही हीच गोष्ट.

‘जोडावे’, ‘सादर करावे’ ही आपली शासकीय मराठीतली लाडकी रूपे तर आणखी फसवी. वरिष्ठांनी कनिष्ठाला लिहिलेल्या पत्रात ‘अहवाल सादर करावा’ हा हुकूम असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्याने आयुष्यात कधी शासकीय पत्र वाचलेले नाही अशा बचत गटाच्या बाईला ती सूचना वाटते, जमल्यास करा अशी. जिथे कागद न जोडल्यास लिफाफा नाकारला जाणार आहे तिथे “जोडणे बंधनकारक आहे, न जोडल्यास निविदा नाकारण्यात येईल” असे पूर्ण लिहा. जिथे तो नंतर मागवून घेता येतो, तिथे तसे लिहा.

आता मागणी. माझी एकच आहे, बाकी तिच्याच फांद्या आहेत.

मराठी मसुदा प्रसिद्ध करण्याआधी तो वाचून तपासू नका, सोडवून तपासा. मुदत, पात्रता आणि पैसे यांबद्दलचे प्रत्येक कलम घ्या आणि त्यावर एक उदाहरण तयार करा, जसे मी वर केले. एका माणसाला फक्त इंग्रजी द्या, दुसऱ्याला फक्त मराठी. दोघांनी एकमेकांशी न बोलता उत्तर काढायचे, तारीख किंवा रुपये किंवा पात्र-अपात्र. उत्तरे जुळली नाहीत तर मसुदा परत माझ्याकडे. उत्तर निघालेच नाही, किंवा एकाच मसुद्यातून दोन निघाली, तर दोष मूळ इंग्रजीत आहे आणि तो तुम्ही दुरुस्त करायचा. उमरेडच्या संस्थेच्या त्या वाक्यावर “7, 8 आणि 9 लाखांची कामे असलेली संस्था पात्र की अपात्र?” असा एक प्रश्न टाकला असता तर सगळे पाच मिनिटांत उघडे पडले असते. माझ्या अनुभवात ऐंशी पानांच्या निविदेत अशी कलमे सहा-सात पानांत मावतात आणि दोन माणसांचे दोन तास जातात.

मराठी वाचणारा माणूस शक्यतो शाखेबाहेरचा घ्या. ज्याला साचा पाठ आहे तो मराठीतूनही इंग्रजीच वाचतो. लेखा शाखेतला कुणी, आवक-जावक पाहणारे कुणी चालतील. ‘करण्यात येईल’ आणि ‘करता येईल’ यांची चूक या पद्धतीने सापडेलच असे नाही. त्यासाठी मूळातली अशी सगळी क्रियापदे ओळीने उतरवून प्रत्येकासमोर मराठी रूप लिहायची यादी वेगळी करावी लागते. ती मी प्रत्येक भाषांतरासोबत देईन. ‘समान स्वरूपाचे काम’ म्हणजे काय, हेही उदाहरणातून सुटत नाही. संरक्षक भिंत आणि नालीची भिंत समान की नाहीत, हे तुम्हालाच लिहून द्यावे लागेल.

शुद्धिपत्रक एका शब्दाचे असले तरी दोन्ही भाषांत, एकाच वेळी पोर्टलवर जावे. मराठी तयार नसेल तर इंग्रजीही थांबवा आणि गरज पडल्यास मुदत वाढवा. एका शब्दासाठी मला रात्री अकराला फोन केलात तरी चालेल.

आणि शेवटच्या पानावरचे ते वाक्य: “अर्थाबाबत मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरण्यात येईल.” उमरेडच्या अध्यक्षांना हेच वाक्य दाखवले गेले. ते काढून टाका असे मी म्हणत नाही. दोन मसुदे असले की कोणता अंतिम हे कुठेतरी ठरलेले असावेच लागते. पण ते पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत असू द्या, आणि त्याच्याच खाली शुद्धिपत्रके कुठे पाहायची ते लिहा. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही या राज्याची राजभाषा आहे. तिच्यात छापलेल्या अटीवर विसंबून माणसाने पैसे भरले, तर “ते नुसते भाषांतर होते” असे त्याला सांगणे मला बरोबर वाटत नाही.

पुढच्या दोन निविदांसाठी उदाहरणांचा तक्ता मी मोबदला न घेता तयार करून देते. पहिला तक्ता संरक्षक भिंतींच्या त्याच निविदेवरून केला आहे, त्यात एकोणीस प्रश्न आहेत. अकरावा आणि चौदावा मला अजून सुटलेला नाही, कारण दोष निवारणाचा कालावधी काम पूर्ण झाल्यापासून मोजायचा की पूर्णत्वाच्या दाखल्याच्या तारखेपासून, आणि सुरक्षा ठेव त्यानंतर किती दिवसांत परत मिळेल, हे इंग्रजीतही लिहिलेले नाही. ही दोन उत्तरे मला कळवावीत.

आपली,
एक निविदा-भाषांतरकार
धंतोली, नागपूर